बाटलीच्या गळ्यावरची रेघ

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी जुनी बाटली हाती लागली, की सगळे आधी तिच्यावरची उठावाची अक्षरं वाचतात. वय शोधायचं असेल, तर मात्र बाजूची बारीक रेघ बघावी. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे काचेवर ही रेघ उमटते.

फिकट हिरवट-निळ्या काचेची चौकोनी औषधाची बाटली घ्या. रेघ तळाकडून निघते, गळ्यावर चढते आणि तोंडाच्या काठाखाली नाहीशी होते. कारण बाटली तोंडाने फुंकलेली असते. साच्यातून काढल्यावर कारागीर तिला फुंकणीपासून तोडतो, तोंडाशी काच तापवतो आणि अवजार फिरवून काठ घडवतो. त्या फिरवण्यात रेघ पुसली जाते. यंत्राने केलेल्या बाटलीत काठही साच्यातच तयार होतो, म्हणून रेघ काठावरून पार जाते. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903च्या सुमारास आलं. त्यामुळे काठाखाली थांबलेली रेघ असलेली विलायती औषधाची बाटली बहुधा 1920च्या आधीची. भारतात हाताने बाटल्या फुंकणं पुढेही बरंच चाललं, म्हणून देशी बाटलीला हा हिशेब लावता येत नाही.

गोटी सोड्याच्या बाटलीवर तर ही खूण फसवते. हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरने 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचा दाब गोटीला तोंडातल्या रबरी चकतीवर दाबून धरतो. गोटी त्या तोंडापेक्षा मोठी. ती आत टाकायची आणि मगच तोंड आवळून चकतीसाठी खाच पाडायची. काठ असा शेवटी घडत असल्याने अलीकडच्या गोटी सोड्याच्या बाटलीतही रेघ काठाखाली संपू शकते. अशा बाटल्या आजही बनतात. तेव्हा गोटी आणि थांबलेली रेघ एवढ्यावरून विक्रेता शंभर वर्षं सांगत असेल, तर विश्वास ठेवू नये.

रंगाची साक्ष त्याहून कच्ची. हिरवट-निळी झाक वाळूतल्या लोहामुळे येते, ती कोणत्याही काळात येऊ शकते. फिकट जांभळा रंग थोडा अधिक सांगतो. काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, आणि वर्षानुवर्षं ऊन लागलं की ती जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही पद्धत मागे पडत गेली. पण कृत्रिम किरणोत्साराने असा रंग मुद्दामही आणतात. बाटली गडद, एकसारखी जांभळी असेल तर संशय घ्यावा.

म्हणून गोटीच्या बाटलीचं वय शेवटी अक्षरांतूनच शोधावं लागतं. सोडा कारखान्याचं नाव आणि गाव टिपून घ्यावं, आणि तो कारखाना कधी सुरू होता हे जुन्या व्यापारी सूचींमध्ये पाहावं. तारीख बाटलीवर क्वचितच असते, पण ते नाव किती वर्षं चाललं हे कळलं, की बाटलीचा काळही त्या मर्यादेत बसतो.