आटचे तेवीस

नणंदेकडे अकोल्याला मी पापडांसाठी गेले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात फोनवर बोलताना तिच्या मागून बायकांचे आवाज येत होते: ‘खाट’, ‘घाट’, ‘भाट’, आणि मग हशा. हे काय चाललंय म्हटलं, तर म्हणाली, “पापड लाटतोय.” यंदा एप्रिलात मुद्दाम गेले.

सकाळी सातला सुरुवात. उडदाचं पीठ आदल्या रात्री भिजवून कुटलेलं, ओल्या फडक्याखाली झाकलेलं. हिंग, मिरे आणि पापडखाराचा वास ओसरीभर. सहा बायका, दोन मुली, आणि मधोमध शेजारच्या मावशी, वय अडुसष्ट, शाळा चौथीपर्यंत. पहिला शब्द त्यांचा. पुढचीने आपली लाटी लाटून होईपर्यंत त्याच्याशी जुळणारा शब्द द्यायचा. आधी आलेला शब्द दिला किंवा काहीच सुचलं नाही, तर लाटलेले पापड घेऊन गच्चीवर वाळत घालायला जायचं. अकोल्यातलं ऊन ज्याला माहीत आहे त्याला ही शिक्षा समजेल.

पहिल्याच फेरीत धाकटी मुलगी गच्चीवर गेली. ‘ताट’ला तिनं ‘पोट’ दिलं. शेवटी ट आहेच की, तिचं म्हणणं. पण नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याच्या आधीचा स्वरही तोच लागतो. आपण ‘ताट’ म्हणतो तेव्हा ट पाय मोडूनच उच्चारतो, कानात उरतो तो ‘आट्’. ‘माळा’सारखा शब्द असेल तर आणखी मागं जावं लागतं: ‘शाळा’ चालतो, ‘फळा’ नाही. ‘गाठ’ही बाद झाला, कारण ठ म्हणजे ट नव्हे. मावशींनी यातलं काहीच समजावून सांगितलं नाही. ‘पोट’ ऐकून त्यांनी नुसतं नाक मुरडलं.

“आटचे तेवीस होतात,” त्या म्हणाल्या. “जास्त नाही.” दुपारपर्यंत हे तीनदा ऐकलं.

मला तेव्हा हसू आलं, कारण आटला अंतच नसतो. कडकडाट, खडखडाट, लखलखाट, ठणठणाट. कुठलाही आवाज धरा, दोनदा म्हणा, मागे आट लावा. माझी पाळी आली तेव्हा मी ‘गडगडाट’ टाकला. मावशींचं लाटणं थांबलं. “शेपूट चिकटवलेला नाही चालत, बाई.” याच न्यायानं ‘करणे’ला ‘बसणे’ चालत नाही, नुसता णे सगळ्यांनाच असतो, ‘भरणे’, ‘धरणे’ आणावं लागतं. ‘वाट’ होऊन गेल्यावर ‘पायवाट’ही नाही. मी गच्चीवर गेले.

परत आले तेव्हा भांडण पेटलं होतं. दुसरा शब्द निघाला होता ‘डोळा’. पण तो काढणारी बाई बाळापूरकडची, तिच्या तोंडून आला ‘डोया’. पुढे ‘गोया’, ‘भोया’, ‘पोया’ झाले. ळचा य सगळीकडे सारखाच झाल्यानं यमकाला धक्का लागला नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, ‘सोया’. म्हणजे सोयाबीन. नणंदेचा मुलगा, बी.ए.ला मराठी घेतलेला, दारातून ओरडला, “हे कसं चालेल? एकात ळ आहे, एकात य!”

“कुठी हाय ळ?” त्या बाईनं विचारलं. खरंच, तिच्या बोलण्यात तो नव्हताच.

मी मनातून तिच्या बाजूची होते. हा खेळ पाटीवरचा नाही. ‘खूण’ आणि ‘गुण’ लिहिताना एक दीर्घ, एक ऱ्हस्व. ऐकताना कोण वेगळे काढतं? उलट ‘नाच’ आणि ‘पिशाच’ कागदावर बिनतक्रार जुळतात, आणि म्हणून पाहिले तर च वेगवेगळे निघतात. तरी मुलाचाही मुद्दा होता. नऊ जणींची नऊ तोंडं. प्रत्येकीचं वेगळं मानलं तर गच्चीवर जाणार कोण?

मावशींनी हातातली लाटी संपवली. “डाव ज्या तोंडानं निघाला त्याच तोंडानं जाईन. डोया म्हटलं तं सोया चालते. डोळा म्हटलं असतं तं नसता चालला. कायले भांडता?” मुलगा आत गेला.

रात्री परतीच्या गाडीत मी वहीत आटचे मांडले. वाट, ताट, पाट, खाट, लाट, घाट, थाट, माट, दाट, भाट, चाट, पहाट, कपाट, सपाट, अफाट, मोकाट, भन्नाट, सुसाट, ललाट, विराट, सम्राट. एकवीस. बोटांना हिंगाचा वास अजून होता. बडनेऱ्यापर्यंत पुढचा सुचेना. दुसऱ्या दिवशी नणंदेला फोन केला, तिनं तो मावशींकडे दिला.

“रहाट न् चऱ्हाट कुठं गेले?” त्या म्हणाल्या. “विहीर नाही पाह्यली का?”

झाले तेवीस. फोन ठेवल्यावर ‘हाट’ आठवला. मी परत फोन केला नाही.