सात वाक्यांची पटकथा

नोकरीसाठी इंग्रजी शिकवणारा व्हिडिओ उघडला की पहिल्याच मिनिटात नमस्काराचे पंधरा-वीस प्रकार पडद्यावरून सरकत जातात. गुड मॉर्निंग, हॅलो, हाय, हाऊ आर यू, नाइस टू मीट यू. प्रत्येकाखाली मराठी अर्थ असतो. पाहणारा मान डोलावतो, कारण यातलं बहुतेक त्याला ठाऊकच असतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आज पंचविशीतल्या उमेदवाराने हा विषय निदान दहा वर्षं अभ्यासलेला असतो. शब्द त्याच्याकडे असतात, पण समोरच्याने बोलून झाल्यावर दोन सेकंदांत तोंडातून काय काढायचं हे त्याला सुचत नाही. त्यामुळे अशा व्हिडिओची पटकथा शब्दांच्या यादीवर बांधून चालत नाही, एका प्रसंगावर बांधावी लागते. तो प्रसंग म्हणजे मुलाखतीच्या दिवशी कंपनीच्या गेटपासून खुर्चीपर्यंतचा प्रवास.

आपल्या पटकथेतल्या मुलीला सुजाता म्हणू. जालन्याची, बी.कॉम. झालेली, चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेली. तिला गेटवर सुरक्षारक्षक भेटतो, मग रिसेप्शनवरची बाई आणि शेवटी मुलाखत घेणारे साहेब. तिघांशी मिळून तिला सात वाक्यं लागतात. व्हिडिओ आठ मिनिटांचा धरला तर याहून जास्त वाक्यं त्यात बसत नाहीत. एक वाक्य दोनदा ऐकवायचं, दोनदा म्हणवून घ्यायचं आणि एकदा बदलून म्हणवायचं, यातच पाऊण मिनिट जातं. बांगलादेशात २००९ साली बीबीसीने ‘जनाला’ नावाने मोबाइलवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली, तेव्हा तिथले ध्वनिपाठ तीन-तीन मिनिटांचे होते. फोनवरून शिकणाऱ्यासाठी धडा छोटाच ठेवावा लागतो.

गेटवरचं वाक्य सोपं आहे. ‘गुड मॉर्निंग. आय हॅव ॲन इंटरव्ह्यू ॲट इलेव्हन.’ पटकथेच्या पानावर दोन रकाने करतात, डावीकडे चित्र आणि उजवीकडे आवाज. या वाक्यासमोर उजव्या रकान्यात मी ठळक अक्षरांत लिहीन : ‘येथे ५ सेकंद शांतता. कापू नये.’ हे लिहिलं नाही, तर संकलन करणारा ती शांतता हमखास कापतो. त्याच्या दृष्टीने ती रिकामी जागा असते आणि रिकाम्या जागेवर प्रेक्षक निघून जातो, असं त्याला शिकवलेलं असतं. पण शिकणारा बोलतो तो त्याच पाच सेकंदांत. किती थांबायचं याचा हिशेब सोपा आहे. वाक्य स्वतः सावकाश म्हणून फोनवर वेळ मोजायची, तिची दीडपट करायची आणि विचार करायला एखादा सेकंद वाढवायचा. तीन सेकंदांच्या वाक्याला साडेपाच सेकंद होतात, म्हणजे पाच-सहा सेकंदांची जागा ठेवायची.

पडद्यावरची अक्षरंही उशिरा आली पाहिजेत. वाक्य पहिल्यांदा ऐकू येताना पडदा कोरा ठेवायचा आणि दुसऱ्यांदा ऐकवताना अक्षरं आणायची. आधीच दिसली, तर डोळे वाचत बसतात आणि कान काम सोडतात. मुलाखतीत पाटी धरून कोणी उभं नसतं. उच्चार देवनागरीत दाखवायला आपल्या लिपीत चांगली सोय आहे. मराठीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत, ‘व’ आणि ‘व्ह’ असा फरक दाखवता येतो. ‘व्हिजिटर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वर्क’ म्हणताना ओठ गोल होतात. एवढं जवळून एकदा दाखवलं की पुरे. याहून जास्त वेळ उच्चारावर घालवणं मला पटत नाही. जालन्याचा हेल मुलाखतीत कोणाला अडत नाही.

आता रजिस्टर भरायचं आहे आणि सुजाताकडे पेन नाही. इथे खरी शिकवणूक सुरू होते. मराठीत ती म्हणाली असती, ‘जरा पेन द्या ना.’ यात आदर आहे, आर्जवही आहे. ‘दे’ न म्हणता ‘द्या’ म्हटलं, तिथेच आदर आला. इंग्रजीत ‘गिव्ह मी पेन’ म्हटलं की हा ‘द्या’ कुठेच उरत नाही, कारण इंग्रजी क्रियापदाला ‘दे’ आणि ‘द्या’ अशी दोन रूपं नाहीत. आपण क्रियापदाच्या शेवटाला जे करतो, ते इंग्रजीला जादा शब्द लावून करावं लागतं : ‘कुड आय बॉरो युअर पेन, प्लीज?’ पुष्कळ व्हिडिओंत ‘प्लीज’चा अर्थ ‘कृपया’ सांगून पुढे जातात. पण बोलताना ‘कृपया’ आपण कधी म्हणतो? सूचनाफलकावर वाचतो, तेवढंच. म्हणून तो शब्द परका वाटतो आणि बोलताना गळून पडतो. त्यापेक्षा निवेदिकेने सरळ सांगावं : ‘तुम्ही मराठीत जिथे द्या, सांगा, थांबा म्हणाल, तिथे इंग्रजीत कुड आणि प्लीज लागतात.’ हे एकदा समजलं की गेट, बँक, रेल्वेचं काउंटर, सगळीकडे चालतं. सुजाता मुळात नम्र मुलगी आहे. केवळ ही एक गोष्ट कोणी न सांगितल्यामुळे ती उद्धट ठरावी, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

रिसेप्शनवरची बाई विचारते, ‘डू यू माइंड वेटिंग फॉर टेन मिनिट्स?’ सुजाता हसून म्हणते, ‘येस, मॅडम.’ तिला म्हणायचं असतं, ‘हो, थांबते की.’ निघालेला अर्थ असा, की हो, मला थांबायला हरकत आहे. आपल्याकडच्या रिसेप्शनवर तिचा चेहरा पाहून समजून घेतील. फोनवरच्या मुलाखतीत चेहरा दिसत नाही. ही चूक बहुधा शिकवणाऱ्याच्या भाषांतरातून येते. ‘डू यू माइंड’चा अर्थ ‘थांबाल का’ असा सांगितला, तर उत्तर ‘हो’ येणारच. तोच अर्थ ‘थांबायला काही हरकत आहे का’ असा सांगा, म्हणजे मराठी माणूस आपोआप म्हणतो, ‘नाही, काही हरकत नाही.’ इंग्रजी उत्तरही तेच आहे, ‘नो, नॉट ॲट ऑल.’ पडद्यावर मराठी ओळ कोणती द्यायची, यावर या ठिकाणी सगळा धडा अवलंबून आहे. तेव्हा पटकथा लिहिणाऱ्याने ती ओळ शेवटच्या क्षणी दुसऱ्या कोणाकडून उरकून घेऊ नये.

दार उघडून ‘मे आय कम इन, सर?’ हे चौथं वाक्य सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवायचा नाही. फक्त मुलाखत संध्याकाळची असेल तर रात्रीचे आठ वाजले तरी ‘गुड इव्हिनिंग’च म्हणायचं, ‘गुड नाइट’ निघताना म्हणतात, एवढं जाता जाता सांगावं. कॉल सेंटरच्या मुलाखती उशिरा चालतात आणि तिथे ही गफलत होते.

खुर्चीत बसल्यावर साहेब कागद चाळतात आणि विचारतात, ‘यू हॅवन्ट ब्रॉट द ओरिजिनल मार्कशीट?’ मूळ गुणपत्रिका सुजाताने आणलेली नाही. मराठीत ती म्हणेल, ‘हो सर, नाही आणली.’ आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या बोलण्याला दुजोरा देतो : तुम्ही म्हणता ते बरोबर. इंग्रजीतले ‘येस’ आणि ‘नो’ विचारणाऱ्याकडे पाहत नाहीत, वस्तुस्थितीकडे पाहतात. आणली असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. सुजाता ‘येस, सर’ म्हणते, साहेब हात पुढे करतात आणि तिच्याकडे द्यायला काही नसतं. बरोबर उत्तर : ‘नो, सर, आय हॅवन्ट. आय विल ईमेल अ कॉपी टुडे.’

हा प्रसंग पटकथेत पूर्ण दाखवावा. आधी चुकलेला, साहेबांच्या पुढे केलेल्या हातासह, आणि मग सुधारलेला. मध्ये निवेदिकेने एक युक्ती द्यावी. प्रश्नातला नकार मनातून काढून टाकायचा आणि स्वतःला विचारायचं, ‘आणली का?’ त्याचं जे उत्तर, तेच इंग्रजीत द्यायचं. सरावासाठी तीन प्रश्न पुरतात : तुम्ही जेवला नाहीत? तुमच्याकडे गाडी नाही? याआधी कुठे काम केलं नाहीत? प्रत्येकानंतर तीच शांतता ठेवायची. ही सवय एका व्हिडिओने जात नाही. आयुष्यभराचा ‘हो’ ओठांवर असतो. पण ‘येस’ किंवा ‘नो’नंतर ‘आय हॅव’ किंवा ‘आय हॅवन्ट’ जोडायची सवय लागली, तर पहिला शब्द चुकला तरी दुसरा अर्थ सांभाळून घेतो.

सहावं वाक्य मला सातांत सगळ्यांत मोलाचं वाटतं. साहेब भरभर काहीतरी विचारतात आणि सुजाताला निम्मंच कळतं. अशा वेळी मुलं गप्प होतात किंवा अंदाजाने ‘येस, सर’ म्हणून मोकळी होतात. नुसतं ‘व्हॉट?’ तर तुटक वाटतं. म्हणायचं असं : ‘सॉरी, कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ पटकथेत साहेबांचं वाक्य मुद्दाम वेगात आणि थोडं अस्पष्ट म्हणवून घ्यावं, म्हणजे प्रेक्षकालाही खरोखर कळणार नाही आणि हे वाक्य वापरायची गरज त्याला वाटेल. स्वच्छ, सावकाश उच्चारलेल्या प्रश्नावर ‘पुन्हा सांगाल का’ म्हणण्याचा सराव करून काही हाती लागत नाही. उठताना सातवं : ‘थँक यू फॉर युअर टाइम, सर.’

पटकथा जमली की नाही, हे चित्रीकरणाच्या आधी तपासता येतं. नोकरी शोधणाऱ्या एखाद्या मुलाला शेजारी बसवून ती मोठ्याने वाचून दाखवा, सांगितलेल्या जागी खरोखर थांबा आणि तासाभराने त्याला अचानक विचारा : ‘समज, तुझी मुलाखत दुपारी दोनला आहे. गेटवर काय म्हणशील?’ तो पुन्हा ‘ॲट इलेव्हन’ म्हणाला, तर वाक्य पाठ झालंय, हाती आलेलं नाही. मग त्या वाक्याच्या सरावात वेळ बदलून म्हणायची आणखी एक फेरी घाला आणि तिच्यासाठी दुसरं एखादं वाक्य काढून टाका. गावातल्या वाचनालयात, महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलमध्ये किंवा बचतगटाच्या फोनवर असे व्हिडिओ बनवणारे खूप जण आहेत. त्यांना एवढीच विनंती, की पुढचा व्हिडिओ सात वाक्यांचा करा आणि शिकणाऱ्याच्या वाट्याची शांतता कोणालाही कापू देऊ नका.