आधी खेळ, मग खाऊ, मग गोष्ट…

जूनमध्ये बालवाडीच्या दारात एकच प्रश्न हुंदक्यांमधून पुन्हा पुन्हा ऐकू येतो : ‘आई कधी येणार?’ ‘साडेअकराला’ हे उत्तर खरं असलं, तरी तीन वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग नसतो. त्याला घड्याळ कळत नाही. कशानंतर काय होतं, हे मात्र पक्कं कळतं. आंघोळीनंतर दूध, जेवणानंतर झोप. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी रचलेली गोष्ट याच समजुतीवर उभी राहते आणि तिचा सगळा भार एका पालुपदावर असतो.

अशी एक गोष्ट रचून पाहू. बनी नावाची मुलगी आहे. सकाळी चपलांचे बंद लावताना ती विचारते, “आई, तू कधी येणार?” आई सांगते : “आधी खेळ, मग खाऊ, मग गोष्ट. गोष्ट संपली की आई!” गोष्टीतलं पालुपद ते हेच. यात एकही कठीण शब्द नाही, आणि सकाळचा सगळा क्रम त्यात आला आहे.

वर्गात शिरताच बनीला रडू फुटतं. बाई तिला जवळ घेतात. “आईची आठवण आली ना? आधी खेळ, मग खाऊ, मग गोष्ट. गोष्ट संपली की आई!” बनी थोडी वाळू चाळते, खेळ आवरला जातो. डबा उघडल्यावर आईच्या हातची पोळी दिसते आणि पुन्हा डोळे भरतात. या वेळी बनी स्वतःच पुटपुटते, “खेळ झाला. आता खाऊ, मग गोष्ट. गोष्ट संपली की आई!” शेजारी एक मुलगा हुंदके देत असतो. बनी त्यालाही तेच सांगते. बाई गोष्ट सांगतात, ती संपते, दार उघडतं आणि आई दिसते.

ओळ जवळपास तीच राहिली, बोलणारं माणूस तेवढं बदललं. आधी आई, मग बाई, मग बनी. गोष्टीची खरी करामत इथे आहे. आईचा धीर बाईंकडे येतो आणि शेवटी मुलाच्या स्वतःच्या तोंडी बसतो. तिसऱ्यांदा ओळ थोडी आखूडही झाली, कारण खेळ उरकला होता. आईपर्यंतचं अंतर कमी होत चालल्याचं ऐकणाऱ्या मुलाला त्यातून आपोआप कळतं.

बनी रडते, हेही मुद्दाम ठेवलं आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मजाच मजा असलेली गोष्ट घाबरलेल्या मुलाला आपली वाटत नाही. मार्टिन वॉडेल यांच्या ‘आउल बेबीज’ या १९९२च्या चित्रपुस्तकात घुबडाची तीन पिल्लं रात्री जागी होतात, तेव्हा आई घरट्यात नसते. मोठी दोघं तर्क लढवतात. सर्वांत धाकटं दर वेळी आई हवी, एवढंच म्हणतं. ते पिल्लू छोट्या वाचकांच्या मनातलंच बोलतं, आणि शेवटी आई परत येते. आपल्याकडे काऊ-चिऊची किंवा म्हातारीच्या भोपळ्याची गोष्ट ऐकणारी मुलंही पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीची वाटच पाहत असतात. पुढचं आधीच ठाऊक असण्यात त्यांना सुख असतं.

ही गोष्ट फसते ती बहुधा खोटेपणामुळे. ‘आई लगेच येते’ असं पालुपद ठेवलं, तर दहा मिनिटांत ते खोटं ठरतं. ‘शहाणी मुलं रडत नाहीत’ हे तर मुळीच नको. त्याने मुलाला भीतीबरोबर लाजही वाटते. गोष्टीतली आई ‘येते हं’ म्हणून जात असेल आणि खरी आई मुलाची नजर चुकवून सटकत असेल, तर मूल गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाही. म्हणून शाळेचा खरा क्रम बाईंना विचारून घ्यावा आणि पालुपद त्याप्रमाणे रचावं.

शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर रोज गोष्ट सांगावी, त्याच शब्दांत. ती रुजली की नाही, हे सहज ओळखता येतं. ‘आधी खेळ, मग…’ म्हणून थांबलं की मूल पुढचं पुरं करतं, आणि एखादा शब्द बदलला तर ‘असं नाहीये!’ म्हणून चूक दाखवतं. कधी बाहुलीला शाळेत बसवून तिलाही ते ही ओळ ऐकवतं.

एवढं करूनही पहिल्या दिवशी मूल रडेल. रडणं बंद पाडणं हे गोष्टीचं काम नाही. रडतानाही धरून ठेवायला तिच्यामुळे एक ओळ मिळते. काही आठवडे उलटूनही मूल शाळेत कोणाजवळ जात नसेल, खात नसेल, दिवसभर शांत होत नसेल, तर गोष्टीवर विसंबून न राहता बाईंशी आणि गरज वाटल्यास डॉक्टरांशी बोलावं.

घ्यायला आजोबा येणार असतील, तर ओळीतही आजोबाच हवेत. पहिल्या आठवड्यात शाळा तासाभरातच सुटत असेल आणि डबा नसेल, तर ‘मग खाऊ’ गाळावं आणि डबा सुरू होण्याच्या आदल्या रात्री ते शब्द मुलाला सांगूनच ओळीत घालावेत.