उरलेली चिठ्ठी

गोष्ट एका खेड्यातल्या शाळेची. घंटा कोणी वाजवायची यावरून चौथीतली दोन मुलं हातघाईवर आली. दोघांचीही हजेरी पूर्ण, दोघंही वेळेवर येणारी. गुरुजींनी वहीच्या पानाचे दोन सारखे तुकडे केले, एकाच पेनाने नावं लिहिली, सारख्याच घड्या घातल्या आणि खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या हलवल्या. पहिलीतल्या मुलीने एक उचलली.

हरलेला कुरकुरला, "गुरुजी, दुसरीवरपण त्याचंच नाव असंल!"

गुरुजींनी उरलेली चिठ्ठी त्याच्याच हातात दिली. तिच्यावर त्याचं स्वतःचं नाव होतं. तेव्हापासून घडी घालण्याआधी दोन्ही चिठ्ठ्या सर्वांना दाखवायचं ठरलं.

मोठ्यांच्या जगातही हा डबा दिसतो. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठीवर लागला.

मात्र दोघांचा हक्क सारखा असेल तिथेच चिठ्ठी चालते. महिन्याभराने ती दोघं एकाच कंपासपेटीवर हक्क सांगू लागली. मुलांनी डबा पुढे केला. गुरुजींनी तो बाजूला ठेवला आणि पेटीच्या झाकणाआत कोरलेलं नाव शोधू लागले.