फोटोतून कॉमिक्स: रेघ, सपाट रंग आणि ठिपके

जुन्या अमेरिकी कॉमिक्सच्या पानावर तीन गोष्टी एकमेकींवर छापलेल्या असत: काळ्या शाईची भरीव रेघ, तिच्या आत भरलेला सपाट रंग आणि तो रंग फिका दिसावा म्हणून घातलेले बारीक ठिपके. ठिपक्यांची ही युक्ती बेंजामिन डे यांनी १८७९ मध्ये रूढ केली. निळसर, गुलाबी आणि पिवळी अशा तीन शाया वापरल्या जात आणि प्रत्येक शाईच्या चारच पातळ्या असत: अजिबात नाही, २५ टक्के, ५० टक्के आणि पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण ६४ रंग. काळी शाई मुख्यतः रेघ आणि अक्षरांसाठी राखलेली असे. संगणकावर फोटोला हे रूप देताना याच तीन गोष्टी वेगवेगळ्या तयार कराव्या लागतात. रेघेसाठी कडा शोधायच्या, रंग सपाट करण्यासाठी पोस्टरायझेशन करायचे आणि ठिपक्यांसाठी हाफटोन. या कामांचा क्रम चुकला, की चित्र बिघडते.

उदाहरणादाखल १२०० पिक्सेल रुंदीचा, एका बाजूने उजेड पडलेल्या चेहऱ्याचा फोटो घेऊ. पहिले काम तो गुळगुळीत करण्याचे. त्वचेवरची छिद्रे, कापडाचा पोत आणि कॅमेऱ्याचा रवाळपणा तसाच ठेवला, तर पुढे प्रत्येक कणाची रेघ होते. साधे धूसरीकरण इथे उपयोगी नाही, कारण त्यात ओठांची आणि डोळ्यांची कडाही पुसली जाते. त्याऐवजी बायलॅटरल फिल्टर वापरतात. हा फिल्टर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढताना फक्त मिळत्याजुळत्या रंगांना महत्त्व देतो. गालाचे पिक्सेल गालातच मिसळतात, मागच्या भिंतीत मिसळत नाहीत. एकदाच जोरात फिरवण्यापेक्षा तो चार-पाच वेळा हलका फिरवला, तर कडा अधिक स्वच्छ राहतात.

दुसरे काम रेघेचे. कडा म्हणजे जिथे उजळपणा थोड्याच अंतरात झपाट्याने बदलतो ती जागा. कडा शोधण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडली. मात्र तिच्यातून निघणारी रेघ सगळीकडे एकाच, जेमतेम एका पिक्सेलच्या जाडीची असते. ती तारेसारखी दिसते. कुंचल्याने शाई लावल्यासारखी नाही. कॉमिक्ससाठी दोन धूसर प्रतींची वजाबाकी अधिक चांगली ठरते. करड्या छटांतल्या फोटोची एक प्रत थोडी धूसर करायची, दुसरी साधारण १.६ पट अधिक, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. सपाट भागात उत्तर शून्याच्या आसपास येते. कडेच्या गडद बाजूला ते ऋण होते. हे ऋण उत्तर ठरावीक मर्यादेच्या खाली गेले, की तिथे काळा पिक्सेल ठेवायचा, बाकी सगळे पांढरे. कडा जितकी ठळक, तितका काळा पट्टा रुंद; त्यामुळे जबड्याखाली रेघ जाड होते आणि नाकपुडीजवळ बारीक. गालभर काळे शिंतोडे उडाले असतील, तर मर्यादा फार सैल आहे किंवा आधीचे गुळगुळीत करणे कमी पडले आहे. शिंतोडे गेले पण हनुवटीची रेघ तुटली, तर मर्यादा फार कडक झाली आहे.

रेघ नेहमी गुळगुळीत केलेल्या, पण अजून पोस्टराइझ न केलेल्या फोटोवरून काढावी. पोस्टरायझेशननंतर गालावरच्या हलक्या सावलीचेही पट्टे होतात आणि प्रत्येक पट्ट्याची सीमा संगणकाला कडा वाटते. मग गालावर नकाशातल्या उंचीरेषांसारख्या, चेहऱ्यात मुळात नसलेल्या रेघा उमटतात.

तिसरे काम रंगांच्या छटा कमी करण्याचे. लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे ० ते २५५ असतात. त्यांच्या चारच पातळ्या ठेवायच्या, तर त्या ०, ८५, १७० आणि २५५. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे प्रत्येक आकडा जवळच्या पातळीवर नेणे. सावलीकडच्या गालाचा एक पिक्सेल २००, १५०, १२० असा गव्हाळ आहे असे समजू. तो १७०, १७०, ८५ होतो, म्हणजे शेवाळी. शेजारचा किंचित उजळ पिक्सेल २१५, १६५, १३० असेल, तर तो २५५, १७०, १७० होतो, म्हणजे गुलाबी. एकाच गालावर शेवाळी आणि गुलाबी डाग दिसू लागतात, कारण तिन्ही आकडे आपापल्या ठिकाणी वेगवेगळ्या दिशांना सरकतात आणि रंगाचे मूळ प्रमाण मोडते.

यावर उपाय म्हणजे फक्त उजळपणा पातळीवर आणणे आणि तिन्ही आकडे त्याच प्रमाणात बदलणे. तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा उजळपणा धरला, तर पहिल्या पिक्सेलचा २०० खाली १७० वर येतो, म्हणजे ०.८५ पट. रंग होतो १७०, १२८, १०२, सावलीतला तपकिरी. दुसऱ्याचा २१५ वर २५५ होतो आणि रंग येतो २५५, १९६, १५४, उजेडातली त्वचा. आता दोन्ही भाग एकाच चेहऱ्याचे वाटतात आणि त्यांच्यामधली सीमा सावलीचा आकार दाखवते.

चौथे काम ठिपक्यांचे. रंगाचे आधी शायांत रूपांतर करायचे: लाल जितका कमी, तितकी निळसर शाई जास्त, हिरवा कमी तर गुलाबी शाई, निळा कमी तर पिवळी. सावलीच्या तपकिरी रंगाला निळसर ३३, गुलाबी ५० आणि पिवळी ६० टक्के लागते. चित्रावर समजा ८ पिक्सेल बाजूच्या चौकोनांची जाळी टाकली, तर एका चौकोनाचे क्षेत्रफळ ६४ पिक्सेल. पन्नास टक्के शाईसाठी ठिपक्याने ३२ पिक्सेल व्यापायला हवेत, म्हणून त्रिज्या साधारण ३.२. पंचवीस टक्क्यांना १६ पिक्सेल, म्हणजे त्रिज्या सुमारे २.३. शाई निम्मी झाली, तरी त्रिज्या निम्मी होत नाही, कारण डोळा शाईने व्यापलेले क्षेत्रफळ पाहतो. त्रिज्याच टक्केवारीच्या प्रमाणात ठेवली, तर फिक्या छटा जवळजवळ पांढऱ्या पडतात. त्रिज्या ४ झाली, की ७८ टक्क्यांच्या पुढे शेजारचे ठिपके एकमेकांना भिडतात. त्याहून गडद छटेसाठी शाईचा सपाट थर देऊन त्यात पांढरी गोल छिद्रे ठेवतात.

तिन्ही शायांच्या जाळ्या एकाच दिशेने ठेवल्या, तर ठिपके एकमेकांवर किती चढतात यावर रंग अवलंबून राहतो आणि जरा सरकताच बदलतो. म्हणून छपाईच्या रूढ पद्धतीप्रमाणे निळसर जाळी १५ अंशांत, गुलाबी ७५ अंशांत आणि पिवळी ० अंशांत फिरवतात. ठळक दिसणाऱ्या दोन जाळ्यांत किमान ३० अंशांचे अंतर नसेल, तर चित्रभर लाटांसारखी नक्षी उमटते, जिला मोआरे म्हणतात. पिवळीला इतरांच्या १५ अंशांवर ठेवले तरी चालते, कारण पिवळ्याची नक्षी डोळ्याला फारशी जाणवत नाही.

शेवटी तिन्ही शाया एकमेकींवर गुणाकाराने चढवायच्या आणि सर्वांवर काळी रेघ ठेवायची. रेघेला ठिपके देऊ नयेत; दिल्यास तिची धार कातरल्यासारखी होते. ठिपके नेहमी चित्राच्या अंतिम मापावर काढावेत. १२०० पिक्सेलचे तयार चित्र ४०० वर आणले, तर ८ पिक्सेलचा चौकोन तीनपेक्षाही लहान होतो, ठिपके विरघळतात आणि मोआरे परत येते. साठवताना पीएनजी वापरावे, कारण जेपीईजी प्रत्येक ठिपक्याच्या कडेला करडा धूर सोडते.