तिसरा क्रमांक विभागून

निकालाच्या आदल्या संध्याकाळी वर्गशिक्षिका संगणकावर पहिल्या पाच मुलांची यादी काढतात. गुण बरोबर आलेले असतात, उतरत्या क्रमाने असतात. पण नावांच्या रकान्यात तिसऱ्या जागेवर आदित्य आणि चौथ्या जागेवर पुन्हा आदित्यच असतो. त्याच्याइतकेच गुण मिळवलेली तन्वी यादीत कुठेच नसते. संगणकाने कसलीही चूक दाखवलेली नसते, सगळ्या चौकटी नीट भरलेल्या असतात. घाईघाईत ही यादी छापली गेली, तर चूक पहिल्यांदा लक्षात येते ती तन्वीच्या आईच्या.

एक्सेलमध्ये पहिले पाच गुण शोधायला LARGE आणि त्या गुणांचे धनी शोधायला INDEX व MATCH वापरण्याची रीत आहे. रीत चांगलीच आहे, पण दोघांना सारखे गुण मिळाले की ती घसरते. का घसरते, ते दहा मुलांच्या एका वर्गावर पाहू. समजा, A रकान्यात हजेरी क्रमांक आहे, B मध्ये नाव आणि C मध्ये ५०० पैकी गुण. पहिली ओळ मथळ्यांची, म्हणून मुले दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत आहेत.

| ओळ | नाव | गुण |
|---|---|---|
| २ | अक्षदा | ४१२ |
| ३ | आदित्य | ४५६ |
| ४ | गौरी | ४७१ |
| ५ | चैतन्य | ४३८ |
| ६ | तन्वी | ४५६ |
| ७ | निखिल | ३८९ |
| ८ | प्राजक्ता | ४६३ |
| ९ | मयूर | ४३८ |
| १० | रोहन | ४०१ |
| ११ | श्रावणी | ४२७ |

बाजूला E2 ते E6 मध्ये १ ते ५ आकडे लिहायचे. F2 मध्ये पहिले सूत्र आणि G2 मध्ये दुसरे, मग दोन्ही खाली ओढायची.

```
=LARGE($C$2:$C$11,E2)
=INDEX($B$2:$B$11,MATCH(F2,$C$2:$C$11,0))
```

LARGE ला आपण विचारतो, या गुणांत कितव्या क्रमांकाचा मोठा आकडा कोणता? ते सारखे आकडे गाळत नाही. ४५६ दोनदा आहे, म्हणून तिसरा आकडाही ४५६ आणि चौथाही ४५६. इथवर सगळे ठीक आहे. पुढे MATCH ते ४५६ घेऊन C रकान्यात वरून खाली उतरू लागते आणि पहिल्या ४५६ पाशी थांबते. म्हणजे आदित्यपाशी. त्याच्या दृष्टीने काम झालेले असते, खाली आणखी कोणी आहे का हे ते बघतच नाही. INDEX बिचारे सांगितलेल्या जागेवरचे नाव उचलून आणते. चौथ्या जागेसाठी आपण पुन्हा ४५६ च शोधायला सांगतो, म्हणून उत्तरही पुन्हा आदित्यच येते. दोष LARGE चा नाही. आपण गुणांवरून माणूस ओळखू पाहतो, आणि इथे त्या गुणांची माणसे दोन आहेत.

उपायाकडे जाण्याआधी वरच्या सूत्रांतल्या दोन बारक्या गोष्टी. MATCH च्या शेवटचे शून्य म्हणजे ‘तंतोतंत हाच आकडा शोध’. ते राहून गेले, तर MATCH यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे धरून चालते आणि भलतेच नाव किंवा #N/A देते. दुसरी गोष्ट डॉलरच्या खुणांची. त्या नसतील, तर सूत्र खाली ओढताना गुणांचा पट्टाही एकेक ओळ खाली सरकतो. आपल्या यादीत तसे केले, तर पहिले तीन आकडे अगदी बरोबर येतात, ४७१, ४६३, ४५६. पण चौथ्या जागी ४५६ ऐवजी ४३८ आणि पाचव्या जागी ४३८ ऐवजी ४०१ येतो. गौरी आणि तिच्या वरची मुले तोवर पट्ट्याबाहेर गेलेली असतात. सुरुवातीचे आकडे तपासून ‘जमले’ म्हणणारा इथे हमखास फसतो. तपासायची ती शेवटची ओळ.

आता तन्वीला तिची जागा द्यायची आहे. त्यासाठी D हा एक मदतीचा रकाना घेऊ. ज्याला आधीच्या कोणाइतकेच गुण आहेत, त्याच्या गुणांतून तिथे अगदी नगण्य अंश वजा करायचा. D2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढायचे.

```
=IF(ISNUMBER(C2),C2-COUNTIF($C$1:C1,C2)/1000,"")
```

COUNTIF इथे वर वळून मोजते, की माझ्याइतके गुण असलेले माझ्या आधी किती होऊन गेले? पट्ट्याचे एक टोक डॉलरने C1 ला खिळलेले आहे आणि दुसरे टोक ओळीबरोबर खाली उतरते. आदित्यच्या वर कोणाला ४५६ नाहीत, म्हणून त्याचे ४५६ तसेच राहतात. तन्वीच्या वर एक ४५६ आहे, म्हणून तिच्या ओळीत ४५५.९९९ येते. मयूरचे तसेच ४३७.९९९ होतात. बाकी कोणाला धक्का लागत नाही. आता D मध्ये एकही आकडा दोनदा नाही, त्यामुळे MATCH ला चुकायला जागाच उरत नाही. G2 मधले सूत्र असे बदलायचे.

```
=INDEX($B$2:$B$11,MATCH(LARGE($D$2:$D$11,E2),$D$2:$D$11,0))
```

यादी येते ती गौरी, प्राजक्ता, आदित्य, तन्वी, चैतन्य. F मधले गुण मात्र मूळ C वरूनच घ्यायचे, म्हणजे तन्वीपुढे पूर्ण ४५६ दिसतात. वजा केलेला अंश कोणाच्या गुणपत्रिकेवर जात नाही. आदित्य वर आणि तन्वी खाली, याला हजेरीपटापलीकडे काही कारण नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

सूत्राच्या सुरुवातीची ISNUMBER ची अट गैरहजर मुलांसाठी आहे. गुणांच्या जागी ‘गैरहजर’ असे लिहिलेले असेल, तर LARGE त्याकडे दुर्लक्ष करते. पण D मध्ये शब्दातून आकडा वजा करायला गेलो, की #VALUE! येते आणि त्या एका चौकटीमुळे सगळी यादी चुकीच्या खुणांनी भरते. अट असली की ती चौकट रिकामी राहते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे दिसायला आकडा, पण साठवलेला मजकूर म्हणून. दुसरीकडून चिकटवलेल्या गुणांत हे पुष्कळदा होते. असा आकडा आपणहून चौकटीच्या डाव्या कडेला चिकटतो, खरा आकडा उजव्या. LARGE तो मोजतच नाही, त्यामुळे एखादे हुशार मूल गुपचूप वगळले जाते. रिकाम्या चौकटीत =COUNT(C2:C11) लिहून पाहावे. उत्तर परीक्षेला बसलेल्या मुलांइतकेच आले पाहिजे.

सारखे गुण वेगळे करण्यासाठी बरेच जण COUNTIF ऐवजी ओळीचा क्रमांकच वजा करतात, C2-ROW()/1000 असा. पूर्ण गुण असतील तर तेही चालते. टक्केवारी असेल तर मात्र सांभाळावे. दुसऱ्या ओळीतल्या मुलाला ९१.२० टक्के आणि पन्नासाव्या ओळीतल्या मुलीला ९१.२१ टक्के आहेत असे धरा. वजाबाकीनंतर त्याचे ९१.१९८ होतात आणि तिचे ९१.१६०. जिंकलेली मुलगी निव्वळ हजेरीपटात खाली असल्यामुळे मागे पडली. वजा होणारा सगळ्यात मोठा अंश दोन गुणांतल्या सगळ्यात लहान फरकाहून लहानच हवा. COUNTIF च्या रीतीत फक्त बरोबरीच्या मुलांचाच अंश जातो, म्हणून हा धोका पुष्कळ कमी होतो.

एवढे करूनही यादीत एक अन्याय उरतोच. चैतन्यला ४३८ गुण आहेत आणि तो पाचवा आला. मयूरलाही ४३८ च आहेत, पण तो सहाव्या जागेवर पडला आणि यादी पाचव्यावर संपली. ही बरोबरी यादीच्या आत नाही, उंबरठ्यावर आहे. नाव दोनदा आले की डोळ्यांना खुपते, पण इथे खुपण्यासारखे काहीच नसते. यादी स्वच्छ आणि निर्दोष दिसते. म्हणून ती मुद्दाम तपासावी लागते.

```
=COUNTIF($C$2:$C$11,">="&LARGE($C$2:$C$11,5))
```

पाचव्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त गुण किती जणांना आहेत, ते हे सूत्र सांगते. उत्तर ५ आले तर उंबरठा मोकळा आहे. आपल्या वर्गात उत्तर ६ येते. मग E मध्ये आणखी एक ओळ वाढवून F आणि G ची सूत्रे तिथवर ओढायची, की मयूरही आत येतो. E मधला आकडा नुसता ओळींची मोजणी आहे. छापायचा क्रमांक वेगळ्या रकान्यात =RANK(F2,$C$2:$C$11,0) ने काढायचा. तो १, २, ३, ३, ५, ५ असा येतो. दोघे तिसरे, म्हणून चौथे कोणी नाही.

पण शाळेच्या फलकावर आपण असे लिहीत नाही. तिथे ‘तृतीय क्रमांक विभागून’ असते आणि त्यानंतर येणारा चौथाच असतो. बक्षिसे पाच क्रमांकांना असतील, तर गुणांच्या पाच पायऱ्या मोजाव्या लागतात. पहिली पायरी LARGE ने F2 मध्ये आलेलीच आहे. F3 पासून पुढची पायरी अशी काढायची.

```
=LARGE($C$2:$C$11,COUNTIF($C$2:$C$11,">="&F2)+1)
```

वरच्या पायरीपर्यंत किती मुले झाली ते मोजायचे आणि त्यापुढचा आकडा मागायचा, एवढेच ते करते. ४५६ पर्यंत चार मुले होतात, म्हणून ते पाचवा मोठा आकडा मागते आणि ४३८ मिळतात. ४३८ पर्यंत सहा होतात, म्हणून पुढे सातवा आकडा, ४२७. पायऱ्या झाल्या ४७१, ४६३, ४५६, ४३८, ४२७. पाचवी पायरी श्रावणीची, आणि बक्षीस घेणारी मुले सात.

म्हणजे याच दहा मुलांत ‘पहिले पाच’ कधी पाच असतात, कधी सहा, कधी सात. ज्यांच्याकडे एक्सेल २०२१ किंवा त्यानंतरची आवृत्ती आहे, त्यांना मदतीचा रकानाही नको. हे एकच सूत्र सहाही नावे गुणांसह उतरत्या क्रमाने मांडते.

```
=SORT(FILTER(B2:C11,C2:C11>=LARGE(C2:C11,5)),2,-1)
```

पण त्यातला ५ हा आकडा पाच मुलांचा की पाच क्रमांकांचा, हे त्यालाही ठाऊक नसते. ते बाईंनी यादी काढायला बसण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे. त्यावरच ठरते, बक्षिसाची पाच पाकिटे आणायची की सात.