‘पाहतो’ म्हणजे पोच नव्हे

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका निमसरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी होतो, आणि त्या काळी माझी अशी दृढ समजूत होती की, वरिष्ठांनी काम सांगितले असता त्याविषयी चार ओळी लिहीत बसण्यापेक्षा तडक दफ्तर उघडून कामाला लागणे, हाच आज्ञापालनाचा सर्वोत्तम प्रकार होय. एका सोमवारी सकाळी साहेबांनी जाता जाता म्हटले, “अहो, जरा सगळ्यांच्या अर्जित रजेचा तक्ता करून ठेवा.” मी म्हटले, “हो साहेब, पाहतो.” शाखेत बेचाळीस सेवापुस्तके होती. दर जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेस जमा होणारे पंधरा पंधरा दिवस, मध्यंतरी भोगलेल्या रजा आणि जुन्या कारकुनांनी पेन्सिलीने केलेल्या खाडाखोडी यांचा मेळ घालीत मी बुधवारपर्यंत सव्वीस पुस्तके हातावेगळी केली. बुधवारी दुपारी तीन वाजता साहेबांचा शिपाई तक्ता मागावयास आला. अंदाजपत्रकाच्या बैठकीत रजा रोखीकरणाची तरतूद ठरावयाची होती आणि साहेबांना हिशेब हवा होता तो केवळ त्या वर्षी सेवानिवृत्त होणाऱ्या पाच जणांचा. त्या पाचांपैकी दोघांची पुस्तके माझ्या उरलेल्या सोळांच्या ढिगात होती.

‘काम करून दाखवणे हीच खरी पोच’ हा या विषयातला पहिला आणि सर्वांत प्रतिष्ठित गैरसमज. मी आळस केला नव्हता, उलट दोन दिवस डोके वर काढले नव्हते. परंतु काय हवे, किती हवे आणि केव्हा हवे या तीन गोष्टींविषयी सांगणाऱ्याच्या मनातले चित्र आणि माझ्या मनातले चित्र एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंगच मी येऊ दिला नाही. पोच ही मुख्यतः त्यासाठी असते. मागाहून मी जी चिठ्ठी लिहावयास शिकलो, ती त्या सोमवारी लिहिली असती तर अशी झाली असती:

“अर्जित रजेच्या तक्त्याविषयी आज सकाळी आपण सांगितले. माझ्या समजुतीप्रमाणे सर्व ४२ कर्मचाऱ्यांचा, ३० जूनअखेरचा हिशेब हवा आहे. उद्या सकाळी आरंभ करून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तक्ता देईन. तीन सेवापुस्तके लेखापरीक्षणाकडे गेली आहेत. ती गुरुवारपर्यंत परत न आल्यास तेवढ्या नोंदी मागाहून भराव्या लागतील. याहून आधी किंवा थोड्यांचाच हिशेब हवा असल्यास कृपया आजच सांगावे.”

यातील ‘शुक्रवार’ हा शब्द वाचताच साहेब थबकले असते, कारण त्यांची बैठक बुधवारची होती. एका पुस्तकास सुमारे बारा मिनिटे धरली, तर पाच पुस्तकांना एक तास लागतो. ते एका तासाचे काम मी दोन दिवस आवेशाने केले आणि तरीही ते अपुरेच राहिले.

‘हो साहेब, पाहतो’ हीच पोच झाली नाही काय, असे कोणी विचारील. सांगितलेले कानावर पडले, एवढाच त्याचा अर्थ. ‘पाहतो’ या शब्दात आज संध्याकाळ, पुढचा आठवडा आणि कदाचित कधीच नाही, हे तिन्ही काळ सुखाने नांदतात आणि ऐकणारा त्यातून आपल्या सोयीचा तेवढा निवडतो. बारनिशीत टपालाची नोंद होऊन अर्जदाराच्या प्रतीवर शिक्का उमटला, म्हणजे कागद पोहोचल्याचे सिद्ध होते. त्याचे पुढे काय आणि केव्हा होईल, याबद्दल तो शिक्का मौन धरतो. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ही उणीव ओळखलेली दिसते. अर्ज मिळाल्याच्या पोचेमध्ये दिनांक आणि अर्जाचा क्रमांक यांच्या जोडीला सेवा देण्याची मुदतही नमूद करावी, असे तो सांगतो आणि ती मुदत सर्व बाबतींत परिपूर्ण असा अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून मोजतो. माझ्या चिठ्ठीतील लेखापरीक्षणाकडे गेलेली तीन पुस्तके ही याच जातीची अट होय: माझ्या हातात जे नाही, त्यावर माझी तारीख कोठे अवलंबून आहे, ते आरंभीच सांगून टाकणे.

पुष्कळ सज्जन कर्मचाऱ्यांचा यावर आक्षेप असा की, काम उघडून पाहिल्यावाचून वेळ सांगणे हे निव्वळ अनुमानधपक्याचे होय. आक्षेपात तथ्य आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध केव्हा पुरा होईल ते विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी चौतीस दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात पंचावन्नाहून अधिक दिवस लागले. परंतु यावरून अंदाज सांगूच नये असे निष्पन्न होत नाही, तो मोजून सांगावा एवढेच होते. दोन-तीन सेवापुस्तके घड्याळ लावून तपासली की बारा मिनिटांचा आकडा हाती येतो. बेचाळिसांची ५०४ मिनिटे, म्हणजे सुमारे साडेआठ तास. येथेच नवखा मनुष्य फसतो आणि ‘उद्या संध्याकाळी देतो’ म्हणून मोकळा होतो, कारण कामाचे तास आणि काम हाती देण्याची वेळ या दोन निराळ्या राशी आहेत, हे त्याच्या ध्यानी येत नाही. रोजचे टपाल, वेतनदेयके आणि टेबलाशी येणारी माणसे वजा जाता माझ्यापाशी दिवसाकाठी तीन तास उरत. तेव्हा मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे तीन दिवस त्यातच जाणार आणि पडताळणीसाठी शुक्रवारची सकाळ हवी. मोजण्याइतकी माहितीही हाताशी नसेल, तर मुदतीऐवजी मुदत सांगण्याची वेळ कळवावी: “उद्या अकरापर्यंत पुस्तके पाहून तारीख सांगतो.” हीदेखील पुरती पोच आहे.

तारीख दिली की आपण बांधले गेलो, म्हणून मौन बरे, हा कार्यालयीन शहाणपणाचा भाग मानला जातो, आणि मीही काही काळ तो मानीत असे. वस्तुतः मौनाने मुदत नाहीशी होत नाही. ती सांगणाऱ्याच्या मनात आपल्याला न विचारता मुक्रर होते आणि मग तगाद्याच्या रूपाने आपल्याकडे येते. दिलेली तारीख मात्र बदलता येते, फक्त ती उलटण्यापूर्वी. गुरुवारी सकाळी ‘पुस्तके आली नाहीत, एकोणचाळीस नोंदी उद्या, उरलेल्या तीन सोमवारी’ असे कळवणे म्हणजे नियोजन. तेच वाक्य शुक्रवारी दुपारी एक वाजता उच्चारले, तर सबब होते.

अर्थात, दूरध्वनी क्रमांक शोधून देण्यासारख्या पाच मिनिटांच्या कामाची पोच लिहिणे हा दप्तरी विनोद होय. तेथे उत्तर हीच पोच.

पुढच्या वर्षी तोच तक्ता पुन्हा मागितला गेला, त्या वेळी मी वर दिली तशी चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली. अर्ध्या तासात ती परत आली. समासात लाल शाईने शेरा होता: “फक्त निवृत्त होणारे सहा. उद्या चालेल.”